सिलिकॉनच्या किती ट्यूब आणायच्या?

गेल्या पावसाळ्यात खालच्या मजल्यावरच्या खाला आमच्या दारात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "बेटा, आमच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय." आमच्या हॉलच्या खिडकीखालची भिंतही फुगली होती. म्हणून यंदा मे महिन्यातच अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचे काम करणाऱ्या कारागिराला बोलावले. त्याने बोटाने फटी चाचपल्या आणि सांगितले, "सर, दोन खिडक्यांना बारा ट्यूब लागतील, बाथरूमला एक."

बाराचा आकडा ऐकून आमच्या मनात पाल चुकचुकली. चार-चार फुटांच्या दोन खिडक्यांना बारा? हा माणूस उरलेल्या ट्यूब दुसऱ्या कामाला नेणार, असे वाटून गेले. पण न मोजता कोणावर संशय घेणे बरे नाही, म्हणून आम्ही पट्टी आणि वही घेऊन बसलो.

हिशेब आठवीच्या घनफळाचा आहे. फटीची रुंदी मिलिमीटरमध्ये, खोली मिलिमीटरमध्ये आणि लांबी मीटरमध्ये घ्यायची. तिघांचा गुणाकार केला की उत्तर थेट मिलिलिटरमध्ये येते, कारण 1 मिमी रुंद, 1 मिमी खोल आणि 1 मीटर लांब फटीत बरोबर 1 मिलि माल मावतो. लांबी फुटात मोजली असेल तर आधी 3.28 ने भागून मीटर करावेत. मग आलेल्या मिलिलिटरना ट्यूबवर छापलेल्या आकड्याने भागायचे. तो आकडा वाचून घ्यावा. बाजारात 260, 280 आणि 300 मिलिच्या ट्यूब दिसायला सारख्याच असतात.

आमच्या एका खिडकीचा घेर 16 फूट, दोन्हींचा मिळून 32 फूट, म्हणजे सुमारे 9.75 मीटर. चौकट आणि भिंत यांमधली फट चार ठिकाणी मोजली. 10, 13, 12 आणि 13 मिमी भरली, सरासरी 12. एकाच जागी मोजले असते तर हिशेब चुकला असता. खोली पाहायला झाडूची काडी आत टेकेपर्यंत घातली, पृष्ठभागाशी खूण केली आणि काडी पट्टीवर धरली. ती 25 मिमी निघाली.

आता 12 गुणिले 25 म्हणजे दर मीटरला 300 मिलि. 9.75 मीटरला 2925 मिलि. नळीच्या टोकात राहणारा आणि पुसून निघणारा माल म्हणून 10 टक्के वाढवले तर सुमारे 3220. ट्यूब 280 मिलिची. भागाकार 11.5 आला, म्हणजे 12 ट्यूब. कारागिराचा अंदाज अगदी बरोबर होता! मनातल्या मनात त्याची माफी मागितली.

हिशेब बरोबर असला तरी एक प्रश्न उरला. एवढी खोल फट सिलिकॉनने भरायचीच कशाला? उन्हात अ‍ॅल्युमिनियम वाढते, रात्री आकसते. त्यामुळे फट थोडी रुंद होते, थोडी अरुंद होते, आणि सिलिकॉनला रबरासारखे ताणता यावे लागते. ते फक्त दोन बाजूंना, म्हणजे चौकटीला आणि भिंतीला चिकटलेले असेल तरच मोकळे ताणले जाते. फटीच्या तळालाही चिकटले तर तिन्हीकडून अडकते आणि एका हंगामात कडेने सुटते किंवा मधून फाटते. शिवाय सिलिकॉन वरून आत वाळत जाते, साधारणपणे दिवसाला 2 ते 3 मिमी. 25 मिमी जाड थराचा गाभा कित्येक दिवस ओलाच राहतो. म्हणजे जास्त माल घालून सांधा मजबूत होत नाही, उलट कमजोर होतो.

यावर उपाय बॅकर रॉडचा. ही फोमची लवचीक गोल दोरी असते. फटीपेक्षा थोडी जाड घ्यायची. 12 मिमी फटीला 15 मिमीची दोरी दाबून बसते. ती इतकी आत सरकवायची की वर 6 मिमी जागा उरेल, म्हणजे रुंदीच्या निम्मी खोली. सिलिकॉन या फोमला घट्ट चिकटत नाही, म्हणून तळाची अडचणही मिटते. दोरी टोकदार अवजाराने ढकलू नये. ती फाटली तर वरच्या थरात हवेचे फुगे येतात.

पुन्हा हिशेब केला. 12 गुणिले 6 म्हणजे दर मीटरला 72 मिलि. 9.75 मीटरला 702 मिलि, 10 टक्के धरून सुमारे 772. 280 ने भागले तर 2.76, म्हणजे 3 ट्यूब. बाराच्या जागी तीन, आणि सोबत 10 मीटर दोरी. कारागिराला वही दाखवली. तो हसून म्हणाला, "सर, लोक रॉड आणत नाहीत, म्हणून आम्ही बारा सांगतो."

बाथरूमचा हिशेब थोडा निराळा. तिथे फरशी आणि भिंत काटकोनात मिळतात आणि कोपऱ्यात सिलिकॉनची त्रिकोणी पट्टी बसते. त्रिकोण म्हटला की गुणाकार निम्मा करायचा. दोन्ही बाजूंना 6 मिमी धरले तर 36 चे निम्मे, म्हणजे दर मीटरला 18 मिलि. दाराची जागा सोडून तळाचा घेर 6.5 मीटर आणि बेसिनच्या कडेचे 1.5 मीटर, मिळून 8 मीटर. 144 मिलि, 10 टक्क्यांसह 158. एक ट्यूब पुरली.

कोणी म्हणेल, खिडकीच्या तिसऱ्या ट्यूबमध्ये उरलेलेच बाथरूमला वापरा. ते करू नये. बाथरूमला बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन लागते, खिडकीला बाहेरच्या हवेत टिकणारे न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन संगमरवरावर डाग पाडते आणि काही धातूंना खाते. म्हणून प्रत्येक प्रकाराचा आणि रंगाचा हिशेब वेगळा करून तो वेगळाच वरच्या पूर्णांकात न्यावा. ट्यूबवरची मुदतही पाहावी. मुदत संपलेला माल चिकट राहतो, वाळतच नाही.

दोन गोष्टी मात्र कितीही ट्यूब आणल्या तरी भरून निघत नाहीत. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून फट कोरडी केली नाही, तर नवे त्यावर धरत नाही. आणि सरकत्या खिडकीच्या ट्रॅकला बाहेरून पाणी जाण्याची छोटी भोके असतात, ती चुकून बुजवली तर पाणी घरात शिरते. आमच्या फुगलेल्या भिंतीचे कारण तेच निघाले. मागच्या वेळी कोणीतरी ती भोके सिलिकॉनने बंद केली होती.

बाथरूमचे काम झाल्यावर तीन दिवस तिथे पाणी सांडू दिले नाही, आंघोळ शेजाऱ्यांकडे केली. मग खालांच्या घरी जाऊन छत पाहिले. जुना डाग वाळला होता, पण पाइप जिथून खाली उतरतो तिथे मात्र ओल कायम होती. ती सांध्याची नाही, नळकामाची आहे. आता पुढची पाळी प्लंबरची.