ब्रोशरमधली तारीख

मागच्या विकांताला मामाचा फोन. "अरे, तू लिहितोस ना काहीतरी? आमच्या नव्या स्कीमचं ब्रोशर लिहून दे." मामा पुण्यात छोटी बांधकामं करतो. त्याने नमुना पाठवला. पान 2 वर 'स्विमिंग पूल, क्लबहाउस', पान 4 वर 'उंची टाइल्स' आणि शेवटच्या पानावर 'ताबा डिसेंबर 2027'.

तिन्ही एकत्र वाचल्यावर माणूस काय समजेल? डिसेंबरात सामान हलवलं की संध्याकाळी पोहायला!

नकाशा घेऊन मामाला विचारलं, तर पूल निघाला दुसऱ्या टप्प्यात, बी विंगबरोबर. ए विंगची महारेरावर नोंदवलेली तारीख 30 जून 2028. मग डिसेंबर कुठून आला? "ते आमचं टार्गेट रे!"

टार्गेट आमच्या हापिसातही असतं. पण गिऱ्हाईक त्यावर घरभाड्याचा हिशोब मांडतं. आईबाबांच्या फ्लॅटचा ताबा 14 महिने उशिरा मिळाला. तितके महिने भाडंही भरलं आणि हप्ताही. आणि कायदाही आहेच. रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसानभरपाई मागता येते, किंवा बाहेर पडून व्याजासकट पैसे परत मागता येतात.

माझं मत साधं आहे. सुविधा आणि तारीख वेगळ्या पानांवर ठेवायच्याच नाहीत. मी लिहिलं ते असं:

"ए विंग: भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा 30 जून 2028 पर्यंत. त्या दिवशी चालू असेल: लिफ्ट, लिफ्टसाठी जनरेटर, पार्किंग. पूल आणि क्लबहाउस: दुसरा टप्पा, 31 डिसेंबर 2029 पर्यंत."

भोगवटा प्रमाणपत्राचा उल्लेख मुद्दाम केला. नाहीतर 'फर्निचरसाठी ताबा' म्हणून किल्ली देतात आणि तारीख पाळली म्हणतात.

'उंची टाइल्स'चंही तसंच. उंची म्हणजे काय, ते मोजता येत नाही. त्याजागी 'हॉलमध्ये 600 बाय 600 मिमी व्हिट्रिफाइड टाइल्स' लिहिलं. 'किंवा तत्सम' हे शब्द मामाला हवेच होते, कारण दोन वर्षांनी तोच माल मिळेल याची खात्री नसते. पटलं. म्हणून पुढे जोडलं, 'कंपनी बदलल्यास आकार आणि प्रत हीच राहील'. नाहीतर 'तत्सम' या शब्दात काहीही बसतं.

"गिऱ्हाईक पळेल रे," मामा म्हणाला. काही पळतीलही. डिसेंबरात घर हवं असलेला माणूस शेजारच्या स्कीममध्ये जाईल. पण तो आत्ता गेलेला बरा. बुकिंग करून नंतर व्याज मागायला आला तर जास्त महाग पडेल.

असो. मामाने डिसेंबर खोडला. कव्हरवरचं पूलचं चित्र मात्र त्याला सोडवत नाहीये. शेवटी ठरलं, चित्र राहील, पण त्याच्याच खाली 'दुसरा टप्पा, डिसेंबर 2029' येईल. आणि अक्षर आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल एवढं.