शहाणं बाळ, रडत नाही!

लालबागच्या चाळीत बाळबाळंतीण घरी आली की शेजारणी पाहायला येतात. बाळ झोपलेले असेल, दुधासाठी उठवावे लागत असेल, तर कौतुकाने म्हणतात, ‘किती शहाणं आहे, रडतच नाही!’ बहुतेक वेळा ते खरेही असते. परंतु हजारांत एखादे बाळ असे असते, की त्याच्या या शहाणपणामागे थायरॉइड ग्रंथीचा दोष लपलेला असतो. गळ्यातली ही ग्रंथी जन्मतःच नसते, भलत्या जागी असते, किंवा जागेवर असून पुरेसे संप्रेरक बनवत नाही. डॉक्टर याला जन्मजात हायपोथायरॉइडिझम म्हणतात.

हा दोष जन्मतः दिसत नाही, आणि सारी फसगत येथेच होते. आईच्या रक्तातले थायरॉक्सिन वारेतून बाळाला थोडेफार मिळालेले असते. त्या शिदोरीवर बाळ गुटगुटीत जन्मते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही काही खटकत नाही. ती शिदोरी थोड्याच दिवसांत संपते. मग लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठता, घोगरे रडणे, मोठी दिसणारी जीभ, फुगलेली बेंबी ही लक्षणे एकेक करून, आठवड्यामागून आठवडे घेत उमटतात. बालपणीच्या पहिल्या दोनतीन वर्षांत, त्यातही पहिल्या काही महिन्यांत, मेंदूची जडणघडण थायरॉक्सिनवाचून नीट होत नाही. उशिरा औषध सुरू केले तर उंची सुधारते, त्वचा सुधारते. बुद्धीचे झालेले नुकसान मात्र पुरते भरून येत नाही. तेव्हा लक्षणांची वाट पाहणे हा मार्गच नव्हे.

कॅनडातील क्विबेक प्रांतात १९७४च्या सुमारास टिपकागदावरील रक्ताच्या थेंबातून हा दोष हुडकण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. मीना देसाई आणि सहकाऱ्यांनी मुंबईतील बारा हजारांहून अधिक नवजात बाळे तपासून १९८७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे अडीच हजारांत एक बाळ सदोष निघाले. पुढे मुंबईसह पाच शहरांत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने एक लाखाहून अधिक बाळे तपासली, तेव्हा हे प्रमाण अकराशेच्या आसपास बाळांमागे एक असे आले. एवढे ठाऊक असूनही ही तपासणी देशभर सक्तीची नाही. गिरगाव-दादरच्या प्रसूतिगृहांत कुठे पन्नास दुर्मिळ विकारांचे महागडे ‘पॅकेज’ पुढे केले जाते, तर कुठे काहीच नाही. माझ्या मते ही एक तपासणी आधी सर्वांची व्हावी. बाकीच्यांचे मग पाहावे.

तपासणी साधी आहे. जन्मानंतर पहिल्या दिवशी प्रत्येकच बाळाचे टीएसएच उसळलेले असते, म्हणून अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर, शक्यतो तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाच टोचून रक्त घेतात. त्याआधीच घरी जायचे असेल तर नाळेचे रक्त घेता येते. टीएसएच चाळीसच्या वर असेल तर बाळाला ताबडतोब बोलावून शिरेतले रक्त तपासतात. वीस ते चाळीस असेल तर आठवडा-दहा दिवसांचे झाल्यावर पुन्हा पाहतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत टीएसएच उशिरा चढते, म्हणून त्यांची तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. दोष मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीत असेल, तर नुसत्या टीएसएचने तो सापडत नाही.

समजा, तीन किलोच्या मुलीचे निदान पक्के झाले. दिवसाला किलोमागे दहा ते पंधरा मायक्रोग्रॅम या हिशेबाने तिला तीस ते पंचेचाळीस लागतील. म्हणजे पंचवीसची दीड गोळी. ती कुटून चमचाभर आईच्या दुधात कालवून रोज एकाच वेळी द्यायची. पूर्ण बाटलीत घालायची नाही, कारण बाटली उरली की औषधही उरते. लोहाचे थेंब चार तासांच्या अंतराने. हे सारे जन्मापासून दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवे. मग दोन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवायची, आणि पहिल्या वर्षात असे वरचेवर. ग्रंथीच नसेल तर गोळी जन्मभराची. दोष तात्पुरता वाटत असेल तर तीन वर्षांनंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवून पाहतात. मूल चांगले दिसते म्हणून घरच्या घरी गोळी बंद करणारे आईबाप कमी नाहीत. ते चांगले दिसते, ते गोळीमुळेच.

खरी गाडी अडते ती वेगळ्याच ठिकाणी. पहिले बाळंतपण माहेरी. मुलगी चिपळूणहून लालबागला येते, प्रसूतिगृहाच्या कागदावर नवऱ्याचा फोन लिहिला जातो, आणि रिपोर्ट येईपर्यंत बारसे आटोपून ती कोकणात परतलेली असते. नवरा अनोळखी फोन उचलत नाही. इकडे प्रयोगशाळेतल्या कागदावर टीएसएचचा आकडा ऐंशी. रक्त घेणाऱ्या परिचारिकेला म्हणूनच विचारावे, रिपोर्ट किती दिवसांत येणार, वाईट असेल तर कळवणार कोण. आणि फॉर्मवर माहेरचा व सासरचा, दोन्ही फोन लिहून द्यावेत.