विश्लेषण : भाड्याच्या सर्व्हरमधली भिंत कुठे झिरपते? ‘व्हीएमस्केप’ने काय दाखवले?

क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतला की स्वतंत्र संगणक मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची ‘व्हर्च्युअल मशीन’ चालतात आणि त्यांच्यामधली भिंत ‘हायपरवायझर’ नावाचे सॉफ्टवेअर उभी करते. सप्टेंबर २०२५ मध्ये झुरिकच्या ‘ईटीएच’ विद्यापीठातील संशोधकांनी या भिंतीतून गुपिते बाहेर काढून दाखवली. या हल्ल्याचे नाव ‘व्हीएमस्केप’ (CVE-2025-40300).

त्रुटी नेमकी कुठे आहे?

प्रोसेसर वेळ वाचवण्यासाठी पुढची सूचना कोणती असेल याचा आधीच अंदाज बांधतो आणि काम सुरू करून टाकतो. अंदाज बांधणाऱ्या भागाला ‘ब्रांच प्रेडिक्टर’ म्हणतात. हा भाग मागच्या अनुभवावरून शिकतो आणि तो एकाच कोअरवर चालणाऱ्या सर्वांसाठी सामायिक असतो. एका ग्राहकाने त्याला मुद्दाम चुकीचे शिकवले, तर त्याचा परिणाम दुसऱ्या प्रोग्रामवरही होऊ शकतो. २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ने हे उघड केल्यावर अनेक कुंपणे घातली गेली. मात्र ग्राहकाचे मशीन आणि होस्टवर सामान्य प्रोग्राम म्हणून चालणारा हायपरवायझरचा भाग यांच्यामधले कुंपण अपुरे राहिले. एएमडीच्या झेन १ ते झेन ५ आणि इंटेलच्या कॉफी लेक प्रोसेसरवर संशोधकांना ही फट सापडली.

हल्ला कसा होतो?

लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी बहुतेकदा ‘केव्हीएम’ आणि ‘क्यूईएमयू’ ही जोडी वापरतात. हल्लेखोर रीतसर मशीन भाड्याने घेतो, आपल्याच मशीनमध्ये प्रेडिक्टरला ठरावीक चुकीची सवय लावतो आणि मग असे काही करतो की काम होस्टवरच्या क्यूईएमयूकडे जाईल. तिथे प्रोसेसर ती चुकीची सवय पाळतो आणि क्षणभर नको ती मेमरी वाचतो. चूक कळताच तो काम रद्द करतो, पण वाचलेल्या गोष्टीची खूण कॅशेमध्ये उरते. कॅशेत असलेली माहिती लवकर मिळते आणि नसलेली उशिरा. हा वेळ मोजून हल्लेखोर मजकूर ओळखतो. यालाच ‘साइड-चॅनल’ हल्ला म्हणतात.

झेन ४ प्रोसेसरवर हा वेग सेकंदाला ३२ बाइट इतका होता. या वेगाने एक जीबी मेमरी वाचायला वर्षाहून अधिक काळ लागेल. पण डिस्क-एन्क्रिप्शनची किल्ली मोजक्या बाइटचीच असते. ती कुठे ठेवली आहे हे एकदा सापडले की काम काही सेकंदांचे. म्हणून हल्लेखोराचा बहुतेक वेळ ती जागा शोधण्यात जातो. संशोधकांनी अशी किल्ली मिळवून दाखवली.

शेजारी ग्राहकाची माहिती थेट चोरता येते का?

या हल्ल्यात वाचली जाते ती हल्लेखोराचेच मशीन सांभाळणाऱ्या क्यूईएमयूची मेमरी. म्हणजे धोका प्रथम सेवा पुरवणाऱ्याच्या गुपितांना आहे. त्या किल्ल्या इतर ग्राहकांसाठीही वापरल्या जात असतील, तर झळ तिथपर्यंत पोहोचते.

ग्राहकाने आपले मशीन अपडेट केले तर?

काही उपयोग नाही. हल्लेखोराचे मशीन त्याच्याच ताब्यात असते आणि गुपित असते होस्टवर. लिनक्स कर्नलमधला उपायही होस्टसाठीच आहे. ग्राहकाचे मशीन थांबून काम क्यूईएमयूकडे जाण्यापूर्वी प्रेडिक्टरचे शिकलेले पुसून टाकले जाते. नेहमीच्या वापरात वेग साधारण एक टक्क्याने घटतो. नेटवर्क वा डिस्कसारखी उपकरणे सॉफ्टवेअरने आभासी पुरवली जात असतील, तर फटका बराच मोठा असतो.

होस्ट सुरक्षित आहे का, हे त्याच्यावर हा आदेश देऊन कळते :

```
cat /sys/devices/system/cpu/vulnerabilities/vmscape
```

उत्तर `Mitigation: IBPB before exit to userspace` आले तर उपाय लागू आहे, `Vulnerable` आले तर नाही. फाइलच नसेल तर कर्नल जुना आहे. हाच आदेश भाड्याच्या मशीनमध्ये दिला तर फसगत होते. नवा कर्नल तिथे `Not affected` सांगतो, कारण ही त्रुटी फक्त प्रत्यक्ष यंत्रावर नोंदवली जाते. त्या उत्तरावरून खालच्या होस्टबद्दल काहीही कळत नाही.

मग होस्ट पॅच करायला उशीर का होतो?

नवा कर्नल लागू करायला साधारणपणे होस्ट पुन्हा सुरू करावा लागतो. मोठे पुरवठादार चालू मशीन न थांबवता दुसऱ्या होस्टवर हलवतात. राखीव यंत्रे नसलेल्या छोट्या होस्टिंग कंपनीला मात्र सगळ्या ग्राहकांची सेवा काही काळ बंद ठेवावी लागते, म्हणून काम पुढे ढकलले जाते. ग्राहकाच्या हातात उरतात ते दोन प्रश्न : होस्टवर कोणता कर्नल चालू आहे आणि तो शेवटचा केव्हा रीबूट झाला? कर्नल ‘इन्स्टॉल केला’ एवढेच उत्तर पुरेसे नाही. रीबूट होईपर्यंत होस्टवर जुनाच कर्नल चालत असतो.