सही करण्याआधी एक रात्र

नोकरी अचानक गेली की माणूस शरमेपोटी दोन गोष्टी करतो. समोर आलेल्या कागदावर न वाचता सही करतो, आणि घरी काहीच बोलत नाही.

माझ्या वर्गातल्या एका मुलीचे अब्बा चाकणच्या कारखान्यात सात वर्षे मशीनवर होते. एका दुपारी त्यांना सांगितलं गेलं, “राजीनामा लिहून द्या, पुढच्या नोकरीत डाग नको.” ऐकायला ही हमदर्दी वाटते. पण राजीनामा म्हणजे आपणहून सोडलेली नोकरी. कंपनीने कपात केली, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार मिळतो. शिवाय पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार. त्यांचा पगार 26,000 रुपये. म्हणजे सात वर्षांचे साधारण 91,000 आणि नोटिशीचे 26,000. राजीनाम्याच्या दोन ओळींत एवढी रक्कम हातची जाते. त्यांनी “घरी विचारून उद्या सांगतो” म्हटलं, ते बरं झालं. (हा हक्क कामगाराचा आहे. मॅनेजर असाल तर नेमणूकपत्रातल्या अटी काढून वाचा.)

ग्रॅच्युइटीचं वेगळं आहे. पाच वर्षे सलग नोकरी झाली असेल, तर राजीनामा दिला तरी ती मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 18,200 असेल तर 26 ने भागा, 15 ने गुणा, 10,500 येतात. सात वर्षांचे 73,500. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

पीएफकडे मात्र लगेच हात नेऊ नका. त्यातल्या पेन्शनसाठी दहा वर्षांची नोकरी लागते. पेन्शनचे पैसेही काढून घेतले, की झालेली सात वर्षे हिशेबातून जातात आणि नव्या नोकरीत पुन्हा पहिल्यापासून मोजणी.

आता घरचं. हे भाईजान चार दिवस डबा घेऊन नेहमीच्या वेळी निघत आणि स्टँडवर बसून राहत. बीवीला कळलं ते भरलेल्या डब्यावरून. ती रागावली, ती नोकरीबद्दल नव्हे, लपवल्याबद्दल. मला तिचं बरोबर वाटतं. घरखर्च जिच्या हातात आहे तिलाच अंधारात ठेवून काटकसर होते तरी कशी?

त्या रात्री दोघांनी वहीत तीनच रकाने केले: थांबवता येत नाही ते, लांबवता येतं ते, बंद करायचं ते. भाडं आणि अम्मीची औषधं पहिल्यात. फी दुसऱ्यात, शाळेत हप्त्यांसाठी अर्ज आला, तेव्हाच मला हे सारं समजलं. कंपनीच्या आरोग्य विम्याचा विषय अम्मीनेच काढला. तो बहुतेक ठिकाणी नोकरीबरोबर संपतो, म्हणून शेवटची तारीख लेखी विचारून घ्यावी आणि त्याआधीच विमा कंपनीकडे स्वतःच्या पॉलिसीची चौकशी करावी.

नातेवाइकांना सांगायचं काम मामूंनी घेतलं. रोज दहा जणांना तीच हकीकत सांगण्यातून ते सुटले, आणि तिसऱ्या आठवड्यात पहिला फोन मामूंच्याच ओळखीतून आला.