डोकेदुखीच्या गोळीतला चहा

हरतालिकेच्या दुपारी घराघरांतून एकच तक्रार ऐकू येते, ‘बाई गं, डोकं नुसतं ठणकतंय!’ पोटात अन्न नाही, पाणी नाही, म्हणून दुखत असणार, असं आपण धरून चालतो. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. रोज तीन-चार चहा घेणाऱ्या बाईचा शेवटचा चहा आदल्या संध्याकाळी सहाचा असतो. शरीराला कॅफीनची सवय जडली, की ते न मिळाल्यावर साधारण १२ ते २४ तासांत डोकं धरतं. घड्याळ लावून बघा, वेळ बरोबर दुसऱ्या दिवशीच्या दुपारची येते. मग उपवास सुटला की चहाबरोबर एक गोळी पोटात जाते, थोड्या वेळात बरं वाटतं आणि गोळीला गुण दिला जातो. त्या गोळीतही चहाच असतो, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

म्हणजे चहातलं कॅफीन. सॅरिडॉनचंच उदाहरण घ्या. एका गोळीत २५० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, १५० मिलिग्रॅम प्रोपिफेनाझोन आणि ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं. सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्या यादीत सॅरिडॉनही होती. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिची विक्री सुरू ठेवू दिली आणि २०१९ मध्ये ती यादीतून वगळली गेली. तेव्हा बातम्या पुष्कळ झाल्या. पण ही एक गोळी म्हणजे तीन औषधं आहेत, आणि त्यातलं एक आपल्या कपातलंच आहे, हे किती जणींपर्यंत पोहोचलं कोण जाणे. सर्दीच्या काही गोळ्यांतही ३० मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं. अर्धशिशीच्या काही गोळ्यांत तर १०० असतं.

ते उगाच घातलेलं नसतं, हेही सांगायला हवं. दुखणं थांबवणाऱ्या औषधाला कॅफीनची जोड दिली, की थोड्या जास्त लोकांना आराम पडतो. अडचण गोळीची नाही, बेरजेची आहे.

आमच्या खंडाळ्यातल्या (लोणावळ्याजवळचं नव्हे, खंबाटकी घाटाखालचं!) एका मैत्रिणीची ही बेरीज. ती शिरवळला कंपनीत जाते. ‘मी तीनच कप चहा घेते,’ असं तिचं ठाम म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. आपल्या उकळलेल्या चहाच्या एका कपात सुमारे ४० मिलिग्रॅम धरलं, तर तीन कपांचे झाले १२०. मग मी तिला म्हटलं, चहा सोडून कालच्या दिवसात तोंडात काय काय गेलं ते सांग. वजन उतरावं म्हणून सकाळी एक आणि रात्री जेवणावर एक ग्रीन टी. त्यात कॅफीन नसतं अशी तिची समजूत होती. अहो, तीही चहाचीच पानं. कपाला २५ धरा, दोन कपांचे ५०. दुपारी कंपनीत डोकं धरलं म्हणून एक गोळी, घरी आल्यावर दुसरी. त्यांचे १००. शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला पेलाभर कोला, त्याचे २५. घरी आणलेल्या चॉकलेटच्या वडीतला लेकीने उरवलेला तुकडा, त्याचे १०. (आपण उरलेलंच खातो, म्हणून ते मोजत नाही!) चहाचे १२० आणि न मोजलेले १८५, मिळून ३०५.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या ज्या सूचना दिल्या, त्यांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅफीन जाऊ देऊ नये असं म्हटलंय. हे आकडे काटेकोर नाहीत, पूड जास्त उकळली की वाढतात. चॉकलेट जितकं काळं नि कडू तितकं त्यात कॅफीन जास्त. पांढऱ्या चॉकलेटात मात्र जवळपास नसतंच.

घरच्या चहाचा अंदाज कपांपेक्षा पुडीवरून चांगला येतो. चहापुडीत साधारण तीन टक्के कॅफीन असतं, म्हणजे पाव किलोच्या पुड्यात साडेसात हजार मिलिग्रॅम. चौघांच्या घरात तो पुडा पंधरा दिवसांत संपत असेल, तर माणशी रोजचे जास्तीत जास्त १२५ झाले. तोच आठ दिवसांत संपत असेल, तर २३० च्या पुढे. आणि पातेल्यात उरलेला चहा कोण पितं, ते ज्याच्या त्याच्या घरी ठाऊक आहे.

पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहाच्या गोळीतलं निम्मं रात्री अकराला अंगात असतंच, वर जेवणानंतरचा ग्रीन टी. झोप का लागत नाही, याचं उत्तर कधीकधी इतकं साधं असतं. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बाईत हा वेळ दुपटीच्या आसपास जातो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर तो पंधरा तासांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून युरोपात गरोदर बाईला २०० ची मर्यादा सांगतात. सूनबाईच्या वाट्याचा कप मोजताना गोळी आणि कोलाही धरा. गरोदरपणी तर गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.

मैत्रिणीचं डोकं आठवड्यातून चार-पाच दिवस दुखायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी टिंब काढायला सांगितलं, तर महिन्याला सतरा टिंबं झाली. मिश्र गोळी महिन्यात दहा किंवा जास्त दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली, की गोळीमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. साधी पॅरासिटामॉलही महिन्यात पंधरा दिवस घेतली तर हेच होतं, म्हणून नुसतं नाव बदलून भागत नाही. ती टिंबं घेऊन तिला डॉक्टरांकडे पाठवलं. अचानक, कधी नव्हे इतकं दुखलं, तापाबरोबर मान आखडली किंवा गरोदरपणी डोळ्यांपुढे अंधुक दिसू लागलं, तर मात्र टिंबं काढत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टरांनी मिश्र गोळी बंद केली. चहा एकदम तोडू नका, दर दोन-तीन दिवसांनी पाव कप कमी करा, असं सांगितलं. एकदम तोडला तर ठणका दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि कधी आठवडाभरही टिकतो. पहिला आठवडा तिची चिडचिड झालीच. रात्रीचा ग्रीन टी गेला, गवती चहा नि आल्याचा काढा आला. त्यात चहापूड घातली नाही तर कॅफीन नाही. तिसऱ्या महिन्यात टिंबं पाच झाली.

दुकानदार गोळ्या कात्रीने कापून देतो, तेव्हा नावाचा भाग बहुतेक त्याच्याकडेच राहतो. हातात पडतात दोन चमकत्या गोळ्या, मागे काहीच लिहिलेलं नाही. कापण्याआधी पूर्ण पट्टी मागून घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. इंग्रजी अडत असेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला ‘कॅफीन’ हा शब्द शोधायला सांगा, त्याच्यापुढे मिलिग्रॅमचा आकडा असतो. कोलाच्या बाटलीवरही कॅफीन असल्याचं छापलेलं असतं. हरतालिका धरणार असाल, तर पाव-पाव कपाची ती कपात दहा दिवस आधीच सुरू करा.