‘लवकरच ताबा’ म्हणजे केव्हा?

पुण्याच्या एका उपनगरात उभ्या राहत असलेल्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातपटाची संहिता माझ्या एका माजी विद्यार्थ्याने परवा वाचावयास आणून दिली. तीत हिरवळ होती, पोहण्याचा तलाव होता, हसणारी आजी होती; नव्हती ती फक्त तारीख. तिच्या जागी ‘लवकरच ताबा’ हे दोन शब्द.

हे दोन शब्द किती महाग पडतात, ते एका कारकुनाच्या घरापुरते मांडून पाहू. सदनिकेची किंमत 60 लाख धरू. महाराष्ट्रातील नमुना करारनाम्याप्रमाणे करारानंतर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर 45 व सर्व स्लॅब पडल्यावर 70 टक्क्यांपर्यंत रक्कम घेता येते. म्हणजे गिलावा नाही, खिडक्या नाहीत, अशा सांगाड्यापाशीच 42 लाख गेलेले असतात. त्यांतील 30 लाख कर्जाचे असून व्याज 9 टक्के असेल, तर दरमहा 22,500 रुपये नुसते व्याजाचे. राहत्या घराचे भाडे वेगळेच. ताबा वर्षभर लांबला की 2 लाख 70 हजारांचे व्याज भरूनही घर नाही. विलंबाबद्दल व्याज मागण्याचा हक्क 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने दिला आहे खरा; पण विलंब मोजावयाचा तो करारातील तारखेपासून. ‘लवकरच’पासून मोजणार कसा?

मी त्याला सुचविले, निवेदकाने सरळ सांगावे : “पंधरापैकी सातव्या मजल्याचा स्लॅब पडला आहे. महारेराकडे नोंदलेली पूर्णतेची तारीख अमुक आहे. ताबा भोगवटा प्रमाणपत्रानंतरच मिळेल. नोंदणीकृत करारापूर्वी आम्ही 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेणार नाही. त्यानंतरचे हप्ते कोणत्या कामानंतर, ते पडद्यावर पाहा.” तलावाचे दृश्य संगणकावर रंगविलेले आहे, आणि तो तलाव दुसऱ्या टप्प्यात असून पहिल्या इमारतीचे रहिवासी आधी राहावयास येतील, हेही त्या दृश्यावरच लिहावे, शेवटी बारीक अक्षरांत नव्हे. (बारीक अक्षरे आजी हसत असतानाच का येतात, हा एक स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.)

“खरे बोललो तर गिऱ्हाईक शेजारच्या प्रकल्पात जाईल,” हा विकासकाचा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. ग्राहकाला खरा माल ओळखता येत नसेल तर खोटा माल खऱ्याला बाजारातून हुसकावतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले होते. परंतु इथे ओळखण्याचे साधन आहे. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक छापणे सक्तीचे आहे, आणि त्या क्रमांकावरून कोणालाही संकेतस्थळावर पूर्णतेची तारीख पाहता येते. शिवाय जाहिरातीतील खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्यास कायद्याच्या बाराव्या कलमान्वये व्याजासह संपूर्ण रक्कम परत मागता येते. म्हणजे तलावाचे खोटे चित्र विकासकालाही महाग पडू शकते.

विद्यार्थी काल पुन्हा येऊन गेला. तारीख व हप्त्यांचा तक्ता मालकांनी राहू दिला आहे. तलावावरील ओळ मात्र अजून ‘विचाराधीन’ आहे.