पोटदुखीची चिठ्ठी

माझ्या धाकट्या जावेची मुलगी नववीत. दर मंगळवारी आणि गुरुवारी तिचं पोट दुखायचं. पीटीचा तास त्याच दिवशी. जाऊबाई चिठ्ठी लिहून द्यायची, मुलगी चिंचेखाली बसायची, आणि घरी सगळ्यांचा एकच निवाडा: ‘आजकालच्या पोरी आळशी.’ मी विचारते, ज्या पोरी नवरात्रात रात्री अकरापर्यंत गरबा खेळतात, त्या आळशी कशा?

एकदा तिला जवळ बसवून तास कसा होतो ते विचारलं. आधी मैदानाला चार फेऱ्या, मुलांसमोर. शेवटी राहिलेलीला सर नावाने हाक मारून हसतात. मग दोघी कॅप्टन आपापले गडी निवडतात. ही दर वेळी शेवटी उरते. तोंडावर कुणी म्हणतं, ‘घे गं, तू घे हिला.’ कुणी बोललं तर शिक्षा काय? आणखी दोन फेऱ्या! पळणं हीच जिथं शिक्षा, तिथं पोरीनं पळण्यावर जीव लावावा तरी कसा?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं आपल्याला स्वयंपाकघरातही पटेल. माणूस एखादं काम मनापासून करतो ते तीन गोष्टी मिळाल्या तर: त्यात आपली काही निवड हवी, आपल्याला ते जमतंय असं दिसायला हवं, आणि बरोबरची माणसं आपली वाटायला हवीत. वर सांगितलेल्या तासात या तिन्हींचा पत्ता नाही. मग चिठ्ठी येणारच.

‘बक्षीस लावा की,’ असं सासरे म्हणाले. डेसीनं 1971 मध्ये हेच तपासलं होतं. कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांचं कोडं दिलं, काहींना ते सोडवल्याबद्दल पैसे दिले. पुढच्या खेपेला पैसे बंद झाले, तेव्हा मोकळ्या वेळात त्या मुलांचा हात कोड्याकडे आधीपेक्षा कमी वळला. मग चॉकलेट देऊन पळवलेली पोर चॉकलेट संपल्यावर कशाला पळेल?

यंदा शाळेत नवीन बाई आल्या. त्यांनी आधी कॅप्टनची निवड बंद केली. दोरीउड्या, लंगडी, थ्रोबॉल यांतलं एक दर महिन्याला ज्यानं त्यानं घ्यायचं. ‘काहीच नको’ हा पर्याय नाही, हे महत्त्वाचं. नुसतं ‘हवं ते करा’ म्हटलं तर अर्धा वर्ग सावलीत बसतो, आणि ‘पळतेस की शिक्षा घेतेस?’ ही तर निवडच नव्हे.

आमच्या पोरीनं दोरी घेतली. तीस सेकंदांत अकरा उड्या, तीनदा पाय अडकले. बाई ‘जोर लाव’ म्हणाल्या नाहीत. दोरीच्या मधोमध पाय देऊन दोन्ही मुठी वर ओढायला लावल्या. त्या काखेपर्यंत यायला हव्यात, हिच्या कानापर्यंत पोचल्या. दोरी आखूड केली. मग दाखवलं, की दंड अंगाशी ठेवून दोरी मनगटानं फिरवायची, आणि उडी दोन बोटांची पुरे. त्या दिवशी एकोणीस. दोन महिन्यांनी चव्वेचाळीस. आकडा वहीत स्वतःच लिहायचा, ताडून बघायचा तो आपल्याच मागच्या आकड्याशी. मोजायला जोडीदारीण, ती दर आठवड्याला बदलते. त्यामुळे जिच्याशी कधी बोलणं नव्हतं अशा दोघी-तिघी आता घरी येतात.

हे सगळं लाडाचं आहे, असं भिशीत एकीनं सुनावलं. ‘आम्ही नाही का मुकाट पळलो?’ पळलो की! आणि शाळा सुटल्यावर तुमच्या-माझ्यापैकी किती जणींनी पुन्हा कधी धाव घेतली? आज गुडघे धरून जिना चढतो तो त्याच मुकाट पळण्याचा हिशेब आहे, असं मला तरी वाटतं.

एक खूण सांगते. मुलीला विचारा, तासाला का जातेस? ‘बाई रागावतील’ म्हणाली तर काहीच बदललेलं नाही. ‘नाही गेले तर वाईट वाटतं’ म्हणाली तरी फसू नका. मनातली टोचणी हीही छडीच, फक्त आतली. ‘मला दम लागत नाही आता’ किंवा ‘मजा येते’ हे शब्द आले, की समजा रुजलं.

आमच्या पोरीला फेऱ्या अजूनही आवडत नाहीत, आणि साठ मुलींमागे एक बाई असल्या की प्रत्येकीची दोरी मोजून होत नाही, तेही खरं. पण जाऊबाईनं चिठ्ठीचा कागद जूनपासून काढलेला नाही. मागच्या गुरुवारी पावसानं तास बुडाला, तर पोरगी ओसरीत दोरी घेऊन उभी, आणि मला म्हणते, ‘मोठ्याई, तू मोज गं.’